फ्लॅशच्या फोटोत नवरीचा चेहरा पिठूळ दिसतोय, गळा मात्र नीट आहे. अल्बमला द्यायच्या आधी काय करू?

शटरवाला_सांगली
नमस्कार मंडळी. मी विश्रामबागेत राहतो आणि चार वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. गेल्या आठवड्यात सांगलीतच एक लग्न झालं. लग्न लागल्यावर स्टेजवर नवरीचे एकटीचे बारा फोटो काढले. ८५ ची लेन्स, f/2.8, १/१६०, आयएसओ ४००, फ्लॅश कॅमेऱ्यावरच आणि सरळ समोर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडलं आणि घाम फुटला. डोळ्यांखाली, कपाळाच्या मधोमध आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढुरकी झाक आलीय. गळा, कान, हात अगदी तिच्या रंगाचे आणि चेहरा गिरणीतून आल्यासारखा.

रॉ फाइली आहेत. अल्बम पंधरा दिवसांत द्यायचाय. हा पांढरेपणा कमी कसा करायचा? सगळा चेहरा गडद करून पाहिला, तर ती आजारी दिसायला लागली.

बाकावरची
सांगलीत राहून नवरीला हळद कमी पडली म्हणायची! 😄

घाटमाथा
एक्स्पोजर जास्त झालंय, दुसरं काही नाही. चेहऱ्यावर ब्रश फिरवा, एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली घ्या, हायलाइट्स खाली घ्या, संपला विषय. मी कायम हेच करतो.

शटरवाला_सांगली
@घाटमाथा, तेच करून पाहिलं. पांढरा गेला, पण त्या जागी राखाडी आला. राख फासल्यासारखा.

माई_सातारकर
मला एक कळत नाही. पोरगी गोरी दिसतेय तर तक्रार कोणाची आहे? आमच्या वेळी फोटोवाल्याला मुद्दाम सांगायचे, जरा उजळ काढ म्हणून.

सोनचाफा
माई, गोरी दिसणं वेगळं आणि चेहरा एकीचा न् गळा दुसरीचा दिसणं वेगळं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये असंच झालंय. मुलगी विचारते, "आई, तू मुखवटा लावला होतास का?"

रंगपेटी
मी साताऱ्यात नवरीचा मेकअप करते, म्हणून आधीच सांगते: असं झालं की सगळे मेकअपवालीकडेच बोट दाखवतात. आता खरं सांगते. यात थोडी चूक आमचीही असते.

फाउंडेशन बसल्यावर ते पुसू नये म्हणून वरून सुटी पावडर लावतात. एचडी म्हणून जी पांढरी, अगदी हलकी पावडर मिळते, ती बहुतेक सिलिका असते. साध्या उजेडात ती त्वचेवर दिसतच नाही, म्हणून आपण निर्धास्तपणे भरपूर लावतो. त्यात डोळ्यांखाली जाड थर देऊन दहा मिनिटं ठेवायची आणि मग झटकायची पद्धत आहे. तो नीट झटकला नाही तर आरशात काहीच कळत नाही, फ्लॅश पडला की सगळं उघडं पडतं. तुम्ही सांगितलेल्या जागा बघा: डोळ्यांखाली, कपाळाच्या मधे, नाकाशेजारी. आम्ही पावडर जास्त लावतो त्या नेमक्या याच जागा. फाउंडेशनचा शेड चुकला असता तर सगळा चेहरा सारखाच फिका दिसला असता.

पण सरळ समोरून फ्लॅश मारला तर आमची चांगली पावडरही घात करते, हेही लिहून ठेवा.

घाटमाथा
पावडरचं राहू द्या, खरं कारण सनस्क्रीन आहे. एसपीएफवालं फाउंडेशन लावलं की फ्लॅशमध्ये पांढरं येतंच. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते उजेड परत फेकतं.

प्रयोगवही
शाळेत रसायन शिकवते, म्हणून मधे तोंड घालते. घाटमाथा, तुमचं निम्मं बरोबर आहे. टायटॅनियम डायऑक्साइड उजेड परत फेकतं हे खरं. पण ते जवळजवळ प्रत्येकच फाउंडेशनमध्ये असतं, एसपीएफ असो वा नसो, कारण फाउंडेशनचा पांढरा रंगच तो. त्याच्या सोबतीला पिवळे, लाल, काळे आयर्न ऑक्साइड असतात आणि त्या मिश्रणातून त्वचेचा रंग येतो. परत आलेल्या उजेडालाही मग तो रंग असतो. सुट्या पांढऱ्या पावडरीत हे रंग नसतात. तिथून जे परत येतं ते फ्लॅशचं पांढरंच.

सनस्क्रीनचं म्हणाल, तर झिंक किंवा टायटॅनियमचं बिनरंगी सनस्क्रीन मेकअपखाली जाड लावलं असेल तर तेही भर घालतं. या नवरीच्या बाबतीत कुठलं, ते फोटोवरून मला तरी सांगता येणार नाही.

रंगपेटी
प्रयोगवही ताई, म्हणूनच मी आता डोळ्यांखाली पिवळसर झाक असलेली पावडर वापरते. तीही दाबून, ओल्या स्पंजने जादाची उचलून.

अंतरपाट
वय ६१, मिरज. फिल्मपासून हेच काम करतोय. शटरवाला, आधी खात्री करून घ्या की हा पावडरचाच पांढरेपणा आहे. त्याच सुमारास फ्लॅशशिवाय काढलेला एखादा फोटो आहे का? किंवा व्हिडिओवाल्याकडून स्टेजवरचा एखादा तुकडा मागवा. त्यांचा दिवा स्टँडवर, बाजूला असतो. तिथे चेहरा नीट आणि तुमच्या फोटोत पिठूळ असेल, तर दोष पावडर अधिक सरळ फ्लॅश. दोन्हीकडे फिका असेल तर शेड चुकलाय, मग उपाय वेगळा.

शटरवाला_सांगली
काका, व्हिडिओ पाहिला. तिथे चेहरा एकदम व्यवस्थित आहे. शिवाय सकाळी मेकअपच्या खोलीत खिडकीजवळ मी फ्लॅशशिवाय चार फोटो काढले होते, तेही छान आहेत.

अंतरपाट
मग झालं. ते खिडकीचे फोटो म्हणजे तुमचं सोनं आहे, उडवू नका.

आता घाटमाथांच्या उपायाने राख का येते ते सांगतो. एक्स्पोजर जास्त झालं की लाल, हिरवा, निळा तिन्ही एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून खाली आणले की मूळ रंग परत मिळतो. इथे तसं नाही. तिच्या त्वचेच्या रंगावर पांढऱ्या उजेडाचा एक पातळ पडदा वरून पडलाय. दुधात पाणी घातल्यावर दूध आटवता येतं, पण ताकात दूध पडलं तर कितीही आटवा, ताक परत मिळत नाही. तसंच हे.

तुमच्याकडे Info चा पॅनल असेल. खिडकीच्या फोटोत गालावरचे आकडे बघा. मग फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखालचे बघा. दोन्ही फोटोंचा व्हाइट बॅलन्स आधी नीट करून घ्या, आणि तो चेहऱ्यावरून मुळीच नको. नवऱ्याच्या पांढऱ्या उपरण्यावरून वगैरे घ्या. आकडे इथे टाका.

माई_सातारकर
ताकात दूध! अंतरपाट, तुम्ही गवळी होतात का आधी?

अंतरपाट
माई, फोटोग्राफी आणि दूध, दोन्ही धंद्यांत उधारी सारखीच.

शटरवाला_सांगली
काका, आकडे (लाल, हिरवा, निळा याच क्रमाने):
खिडकीचा फोटो, गाल: 190, 140, 112
फ्लॅशचा फोटो, डोळ्याखाली: 232, 208, 196

अंतरपाट
उत्तम. बघा, लाल ४२ ने वाढलाय, हिरवा ६८ ने आणि निळा ८४ ने. नुसतं जास्त एक्स्पोजर असतं तर निळा इतका उसळला नसता. लाल आणि निळ्यातलं अंतर मूळचं ७८ होतं, ते ३६ वर आलंय. गव्हाळ रंग या अंतरात असतो. ते गेलं की त्वचा मेणाची होते.

आता नुसतं एक्स्पोजर खाली ओढून लाल १९० वर आणलात तर हिरवा साधारण १७० वर आणि निळा १६० वर येऊन थांबतो. उजेड बरोबर, रंग राखेचा. तुमची आजारी नवरी ती हीच.

म्हणून तिन्ही रंग वेगवेगळे खाली घ्यायचे. Photoshop मध्ये Curves चा लेअर घ्या, त्याचा मास्क काळा करा आणि लाल, हिरवा, निळा चॅनल एकेक करून ओढा. सगळा फरक काढू नका, दोन तृतीयांश पुरे. म्हणजे लाल २३२ वरून २०४ ला, हिरवा २०८ वरून १६३ ला, निळा १९६ वरून १४० ला. मग मऊ ब्रश, फ्लो ८-१० टक्के, आणि पिठूळ जागांवरच मास्कवर पांढरा रंग हलके हलके भरा. एका फटक्यात नको, चार-पाच हातांत.

पूर्ण का काढायचा नाही? फ्लॅशच्या फोटोत कपाळ थोडं उजळ असणारच. ते गालाइतकं गडद केलंत तर चेहऱ्याचा उठाव जातो, तवा होतो.

घाटमाथा
बरं, माझं चुकलं. पण एवढं करण्यापेक्षा गळ्याचा रंग उचलायचा, Color मोडच्या लेअरवर चेहऱ्यावर ब्रश मारायचा. दोन मिनिटांचं काम.

अंतरपाट
Color मोड उजेड तसाच ठेवतो, फक्त रंग बदलतो. आधी Curves ने उजेड उतरवलेला असेल तर वरून Color चा पातळ हात चांगला बसतो. उजेड न उतरवता मारलात तर चेहरा प्लास्टिकच्या बाहुलीसारखा केशरी होईल.

कृष्णाकाठचा
रेड आय काढायला पण हेच का? माझ्या भाचीच्या फोटोत डोळे लाल आलेत.

बाकावरची
कृष्णाकाठचा, तुमची भाची लाल, यांची नवरी पांढरी. निळ्याचा धागा कोणी काढतंय का?

अंतरपाट
रेड आयचं दुखणं वेगळं, पण मूळ एकच: फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ. फ्लॅश लेन्सपासून लांब नेला की दोन्ही त्रास कमी होतात. डोळ्यांसाठी प्रोग्राममध्ये वेगळं बटण असतं, ते वापरा.

शटरवाला_सांगली
काल रात्री बसलो. आधी घाटमाथांच्या सोप्या मार्गाचा मोह झाला. गळ्याचा रंग उचलला, Color मोड, ब्रश. नवरीला कावीळ झाली! अर्धा तास डोकं खाजवलं. बायको मागून येऊन म्हणाली, "अहो, आदल्या दिवशी हळद लागली होती ना तिला? गळ्यावरची कुठे लगेच जाते?"

खरंच, गळा आणि दंड दोन्ही पिवळे आहेत. चेहऱ्यावरची मेकअपखाली झाकली गेली.

रंगपेटी
हे मी सांगायला हवं होतं! चेहऱ्याची हळद आम्ही नीट काढतो, गळ्याची राहते. नवरीचा गळा कधीच नमुना म्हणून घेऊ नका. हातावर मेंदी, कान लालसर, म्हणजे तेही बाद.

सोनचाफा
बाकावरची, तुझा विनोद उलटा पडला बघ. हळद कमी नाही, जास्तच होती.

बाकावरची
सांगलीची हळद, जीआयवाली. रंग सोडणार नाही. 😄

शटरवाला_सांगली
मग काकांचा मार्ग धरला, नमुना खिडकीच्या फोटोतल्या गालाचा. पहिल्या फोटोला पाऊण तास गेला, पाचव्यापर्यंत पंधरा मिनिटांवर आलो. दोन ठिकाणी घसरलो. एक, मास्क नथीवरून गेला आणि मोती तपकिरी झाले. मुंडावळ्यांचंही तेच. तिथे मास्कवर काळा ब्रश फिरवून मोती परत पांढरे केले. दुसरं, कपाळावरचं कुंकू काळपट झालं.

बारापैकी दहा छान झाले. एका फोटोत नवरी कॅमेऱ्याकडे झुकलेली आहे, तिथे कपाळावर तिन्ही आकडे २५५. रॉ मध्ये हायलाइट्स खाली ओढले तरी हलत नाही. आणि एक फोटो नुसता मोबाइलवर पाठवण्यापुरता जेपीजीत काढला होता, तोही तसाच अडलाय.

अंतरपाट
२५५ म्हणजे तिथे माहितीच शिल्लक नाही, काढायचं कशातून? रंग भरलात तर कपाळावर सपाट ठिगळ दिसेल, त्वचेचे बारीक कण येणार नाहीत. तो फोटो अल्बममध्ये लहान लावा किंवा गाळा. बारातले दहा वाचले तर पार्टी द्या.

घाटमाथा
यापुढे फ्लॅश छतावर मारत जा. बाउन्स. मग हा प्रश्नच येणार नाही.

शटरवाला_सांगली
दादा, कार्यालयाचं छत तीन मजले उंच आणि त्यावर गुलाबी कापडाच्या झालरी. छतावर मारला असता तर नवरी गुलाबी आली असती.

अंतरपाट
आपल्याकडच्या बऱ्याच कार्यालयांत बाउन्सचं हेच होतं. छत उंच असलं की उजेड परत येईपर्यंत जीव जातो, आणि आला तर कापडाचा रंग घेऊन येतो.

दोन गोष्टी करून बघा. पहिली, फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. साधा रेडिओ ट्रिगर आणि छत्री घेऊन मदतनीस नवरीच्या एका बाजूला, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, थोडा वर उभा करा. पावडर उजेड मुख्यतः आला त्या दिशेने परत फेकते. तिथे लेन्सच नसेल तर पांढरेपणा फोटोत येणार कसा?

दुसरी, मदतनीस नसेल तेव्हा. तुम्ही आयएसओ ४०० आणि १/१६० वर काढलेत. त्यात हॉलचा उजेड जवळपास काहीच नाही, फोटो निव्वळ फ्लॅशचा. तेच आयएसओ १६०० आणि १/८० वर घेतलं असतं तर हॉलच्या उजेडाचा वाटा आठपट झाला असता, फ्लॅशची ताकद बरीच कमी पुरली असती आणि पिठूळपणाही त्या मानाने उतरला असता. फक्त हॉलचे दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल लावा. नाहीतर चेहरा निळसर, पाठीमागचं पिवळं.

घाटमाथा
आयएसओ १६०० वर दाणे येतात.

अंतरपाट
येतात. अल्बमच्या पानावर दाणे कोणाला दिसत नाहीत, पीठ दिसतं.

सोनचाफा
रंगपेटी ताई, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मार्चमध्ये आहे. घरच्या घरी आधी कळायची काही युक्ती आहे का?

रंगपेटी
आहे. ट्रायल मेकअप झाला की खोलीतला दिवा बंद करून मोबाइलने फ्लॅश लावून एक फोटो काढायचा, हातभर लांबून. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला चिकटूनच असतो, म्हणून ही परीक्षा जरा कडकच होते. तिथे पास तर बहुतेक सगळीकडे पास. पण फोटो सुंदर करायचे फिल्टर बंद ठेवा, काही मोबाइल आपणहून त्वचा गुळगुळीत करतात आणि दोष लपवतात. पांढरं दिसलं तर मोठ्या मऊ ब्रशने झटकायचं, मग हलकासा पाण्याचा किंवा सेटिंग स्प्रेचा फवारा, ओला स्पंज दाबायचा, परत फोटो. आणि लग्नाच्या दिवशी शेवटचा हात फिरवल्यावर पुन्हा एकदा. ट्रायलला पास झालेली मुलगी टचअपमध्ये नापास होते, घाम आला की करवल्या पर्समधली पावडर थापतात.

सोनचाफा
त्या करवल्यांत मीच असणार आहे. 🙈

प्रयोगवही
रंगपेटी, फवाऱ्याने पांढरेपणा खरंच कमी होतो का, की नुसती पावडर खाली बसते? ओल्या कणावरून उजेड कमी विखुरतो हे खरं, पण वाळल्यावर?

रंगपेटी
मला फोटोत फरक दिसतो. तासाभराने परत तपासलेलं नाही, खरं सांगते. बघून कळवते.

माई_सातारकर
मी जुना अल्बम काढून बसले आज. १९७९ चा, काळापांढरा. चेहरा पांढराफटक, गळा काळा. पीठ नाही, नुसती टाल्कम पावडर. आमच्या ह्यांनी विचारलं, "ही कोण?" तेव्हा मी चिडले होते. आता तुमचं वाचून वाटतं, गोरी म्हणून खूश झाले ती मी नव्हतेच.

अंतरपाट
माई, काळ्यापांढऱ्याला माझे आकडे लागू होत नाहीत. पण तो फोटो स्कॅन करून आणा, नुसता उजेड उतरवून बघू. मूळ फोटोला हात लावायचा नाही.

शटरवाला_सांगली
काका, शेवटचा प्रश्न. संध्याकाळच्या स्वागत समारंभाचे फोटो आता उघडले. तिथे तिच्या गालाच्या हाडांवर चकाकीवाला हायलायटर आहे. पांढरा पट्टा तिथेही आलाय, पण ती चमक ठेवायचीय. हाच Curves मारला तर चमक जाते.

अंतरपाट
ती चमक अभ्रकाची, आरशासारखी एका दिशेला जाणारी. पावडरसारखी पसरट नसते. तिथे Curves नको, नुसता अपारदर्शकपणा कमी केलेला Color चा लेअर, त्वचेच्या रंगाचा, वीसेक टक्के. चमक राहील आणि चुना जाईल. पट्ट्याच्या मधोमध आकडे २५५ असतील तर तिथे हात लावू नका, चमक म्हणून खपतं. एक करून इथे टाका, बघतो.

कृष्णाकाठचा
रेड आयचं बटण सापडलं. पण ते भाचीच्या टिकलीलाही काळं करतंय.